पाहुणा असेतो अनध्याय

कोल्हापूरला जाऊन आलो म्हटल्यावर शाळेतल्या सहकाऱ्यांनी दोनच प्रश्न विचारले. अंबाबाईचं दर्शन नीट झालं का, आणि चपला आणल्या का. दर्शन झालं. चपलाही आणल्या, पण त्या चपलांनी माझा घोटाळा कसा वाढवला ते सांगितल्याशिवाय हा प्रवास सांगून होणार नाही.

मी जळगावच्या एका शाळेत संस्कृत शिकवतो. वय पंचेचाळीस. वयाच्या अठराव्या वर्षापासून तेविसाव्यापर्यंत मी कोल्हापुरात गुरुजींच्या घरी राहून वेद शिकलो. आमची शाखा कृष्ण यजुर्वेदाची. तिथून मी जो निघालो, तो बावीस वर्षं त्या गावाच्या वाटेला गेलो नाही. का गेलो नाही ते आधीच सांगून टाकतो. लपवून लिहायचं तर लिहायलाच नको.

माझ्या शिकण्याच्या शेवटच्या वर्षी एका श्रीमंत गृहस्थांच्या घरी वैदिकांची सभा होती. गुरुजींचा शिष्य म्हणून मी म्हणायला बसलो. उपनिषदातली जी वल्ली, म्हणजे प्रकरण, मी शिकत होतो तिच्या आठव्या अनुवाकात, म्हणजे भागात, आनंदाची शिडी आहे. माणसाच्या आनंदाच्या शंभरपट मनुष्यगंधर्वांचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वांचा, मग पितरांचा, मग जन्मानेच देव झालेल्यांचा, मग कर्माने देवपद मिळवलेल्या कर्मदेवांचा, मग देवांचा, आणि असं चढत चढत ब्रह्माच्या आनंदापर्यंत. प्रत्येक पायरीचे शब्द जवळजवळ तेच. त्यामुळे जीभ घसरते आणि एखादी पायरी सुटते. माझी कर्मदेवांची पायरी सुटली. सभेतले एक वृद्ध वैदिक म्हणाले, "बाळ, एक पायरी गेली." मी म्हणालो, "आम्हांला असंच सांगितलंय."

गुरुजी तीन हातांवर बसले होते. ते काही बोलले नाहीत. सभेतल्या माना एकमेकांकडे वळल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने मी गाव सोडलं. नंतर कानावर आलं की गुरुजींना सभांची बोलावणी येईनाशी झाली. शिष्यही एकेक करून दुसरीकडे गेले. शिष्याला चुकीचा पाठ देणारा गुरू, असं नाव झालं. ते नाव मी ठेवलं होतं.

सप्तमी, शाहूपुरी

स्टेशनाबाहेर टांगेवाल्याने माझी बॅग न विचारता उचलली. त्याचं नाव हुसेनभाई. पुढचे पाच दिवस तोच माझा सोबती झाला.

"कुठं जायाचं, पावणं?"

"एखादं बरं लॉज."

"लॉज? कोल्हापुरात तुमचं कुनी न्हाय व्हय?"

"आहेत. पण त्यांच्याकडे उतरायचं नाही."

"भांडान हाय?"

मी टांग्यात चढून बसलो. तो घोड्याला म्हणाला, "चल बाबा, भांडान हाय," आणि टांगा सुटला. वाटेत त्याने मला संस्थान गेल्यापासून काय काय बदललं ते मोठ्या आवाजात सांगितलं. इथली माणसं रस्त्यापलीकडच्या माणसाशी बोलावं तसं शेजारच्याशी बोलतात. आमच्या खानदेशात असा आवाज चढला की लोक सोडवायला धावतात.

लॉजवर सामान टाकलं आणि खाली येऊन चपला घेतल्या. नव्या कोऱ्या, करकर वाजणाऱ्या. बाजारातून पेढ्यांचा पुडा घेतला, खांद्यावर रेशमी उपरणं टाकलं आणि पंचगंगेच्या बाजूला गुरुजींच्या घरी गेलो. मला वाटत होतं, रिकाम्या हाताने आणि अजागळ वेशात गेलो तर अपमान होईल. कुणाचा, ते मी स्वतःला विचारलं नव्हतं.

ओटीवर गुरुजी बसले होते. खूप वाळले होते. समोर एक चाळिशीचा माणूस, पोस्टात कारकून असलेला, मांडी घालून बसला होता आणि दोघे एका आवाजात म्हणत होते:

ॐ सह नाववतु। सह नौ भुनक्तु। सह वीर्यं करवावहै। तेजस्वि नावधीतमस्तु मा विद्विषावहै। ॐ शान्तिः शान्तिः शान्तिः॥

ज्यांना याचा अर्थ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी लिहितो. तो परमेश्वर आम्हां दोघांचं मिळून रक्षण करो. आम्हां दोघांचं मिळून पालन करो. आम्ही दोघे मिळून सामर्थ्याने काम करू. आम्हां दोघांचं शिकणं तेजस्वी होवो. आमच्याकडून एकमेकांचा द्वेष न होवो. शांती तीनदा, कारण विघ्नं तीन ठिकाणांहून येतात: आपल्या देहामनातून, भोवतीच्या प्राण्यामाणसांकडून आणि वारापाऊस, दैव यांच्याकडून. पाठ देताना गुरू एकदा म्हणतो आणि शिष्य तेच दोनदा म्हणतो, याला संथा म्हणतात. हा मंत्र मात्र दोघे एकदम म्हणतात. आमच्या गुरुजींची पद्धत अशी, की रोज पाठ सुरू होण्याआधी तो म्हणायचा आणि वल्ली पूर्ण झाली की शेवटी पुन्हा म्हणायचा. माझी वल्ली पूर्ण झालीच नाही. आठवा अनुवाक झाला होता, नववा राहिला होता. आरंभाची शांती म्हटली होती, शेवटची म्हणायची राहिली होती. बावीस वर्षं मी दोहोंच्या मधे अडकून होतो. गुरुजींबरोबर ती एकदा म्हणायची, एवढ्यासाठी मी आलो होतो.

चपलांचा आवाज ऐकून गुरुजींनी मान वर केली.

"कोण?"

"मी वासुदेव. जळगावहून."

त्यांनी मला चपलांपासून उपरण्यापर्यंत न्याहाळलं. मग कारकुनाला म्हणाले, "पोथी बांध. पाहुणे आले. आज अनध्याय."

कारकून खुशीत उठला. "तुमच्यामुळं सुट्टी मिळाली की हो!" असं मला म्हणून तो सायकलवरून गेलासुद्धा.

"बसा," गुरुजी मला म्हणाले. "प्रवास ठीक झाला ना आपला?"

आपला! ज्यांनी मला कधी 'अरे' सोडून दुसरी हाक मारली नव्हती, ते मला आपण म्हणत होते. ही माया होती की शिक्षा, ते मला कळेना. पेढे त्यांनी घेतले. हवापाणी विचारलं. जळगावच्या केळ्यांबद्दल विचारलं. त्या सभेचा विषय माझ्या ओठांवर तीनदा आला आणि तीनदा त्यांनी मला अजून एक पेढा दिला.

अष्टमी

सकाळी हुसेनभाईने मला दूधकट्ट्यावर नेलं. तिथे म्हशी रस्त्यात उभ्या असतात आणि गवळी समोरच धार काढून फेसाळ पेला हातात देतो. आजूबाजूला तालमीतले पैलवान एकेक चरवी घशात ओतत होते. मी निम्मा पेला प्यालो.

"संपवा की! कापूस खाता काय तिकडं?" गवळी ओरडला. सगळे पैलवान हसले. मी संपवला आणि दुपारपर्यंत पोट धरून फिरलो.

गुरुजींकडे गेलो तर ओटी रिकामी. अष्टमी. अष्टमीला वेद शिकत नाहीत, शिकवत नाहीत. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, पौर्णिमा, अवेळी मेघगर्जना, असे अनध्यायाचे दिवस असतात. हे मलाही ठाऊक होतं, तरी निघताना मी पंचांग पाहिलं नव्हतं.

गुरुजींची मुलगी यमुताई हिनेच घर सांभाळलं आहे. मी इथे राहत होतो तेव्हा ती परकरी होती. नवरा लवकर गेल्यावर ती परत आली. तिने मला जेवायला वाढलं: ज्वारीची भाकरी, झुणका, मिरचीचा ठेचा आणि वाटीभर काकवी. आमच्याकडे कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर वांग्याचं भरीत असतं. तिखट आम्हीही खातो, पण त्यावर लगेच गोड खाऊन तोंडाची समजूत घालणं ही इथली रीत.

जेवताना काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगितलं, "आमच्या शाळेच्या वसतिगृहात मुलं रोज जेवणाआधी सह नाववतु म्हणतात. लोकांना तो जेवणाचाच मंत्र वाटतो. मुळात तो अध्ययनाचा."

"म्हणू देत," गुरुजी म्हणाले. "तेवढा वेळ तरी पोरं ताटावरून भांडत नाहीत ना?"

यमुताई हसली. मीही हसलो. मग गुरुजींनी विचारलं, "आपण म्हणता का त्यांच्याबरोबर?"

"म्हणतो."

"सगळा?"

घास माझ्या हातातच राहिला. मुलांबरोबर म्हणताना 'मा विद्विषावहै'पाशी मी नुसते ओठ हलवतो, हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. यांना कसं कळलं? की त्यांनी सहज विचारलं? मी "हो" म्हणालो. आणखी एक खोटं, तेही त्यांच्याच ताटावर बसून.

नवमी

नवमीला अनध्याय नसतो. मी लवकर पोचलो. पोस्टातला कारकून आधीच येऊन बसला होता. मला पाहताच गुरुजी म्हणाले, "पोथी बांध. पाहुणे आले."

"आजही?" कारकून म्हणाला. आता त्याची खुशी संपली होती. "गुरुजी, असं चाललं तर माझा अनुवाक शिमग्यापर्यंत व्हायचा नाही."

तो माझ्याकडे रागाने बघत गेला. मी ओटीच्या पायरीवर बसून राहिलो. मला हाकलून द्यायचं तर त्यांनी सरळ हाकलावं. एवढ्या अदबीने दार लावण्यात काय अर्थ? आणि अदब खरी असेल, तर मी काहीतरी उलटंच समजतो आहे का? गुरुजी आत निघून गेले. मी माजघराच्या दाराशी जाऊन यमुताईला विचारलं.

"यमुताई, गुरुजी माझ्यावर रागावलेत का?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला कशाला विचारता, वासुदेवराव? तुम्ही शास्त्र शिकलेले. शिष्ट, मानाचा पाहुणा घरी आला की अध्ययन थांबवायचं, हे शास्त्र आहे की नाही?"

"आहे. पण एखादा दिवस. इथे तीन दिवस झाले."

"तीन दिवस तुम्ही पाहुणेच आहात." आता तिने मान वर केली. "लॉजवर उतरलात. पेढे आणलेत. उपरणं घेऊन येता. त्या चपला तर अशा वाजवत येता की नदीवरच्या बाया वळून बघतात. गुरूच्या घरी शिष्य कसा येतो, तेवढं विसरलात आणि बाकीचं सगळं लक्षात ठेवलंत."

मी खांद्यावरचं उपरणं काढून हातात घेतलं.

"हातात समिधा घेऊन येतो," तीच म्हणाली. "निघा आता. मला तांदळातले खडे दिसेनासे झालेत."

मी बाहेर आलो. हुसेनभाई टांग्यात पेंगत होता.

"हुसेनभाई, समिधा कुठे मिळतील?"

"कोन समिधा?"

"लाकडं. पळसाची. वीतभर लांबीची."

"चुलीला? वीतभर लाकडानं भाकरी कशी व्हायची?"

"चुलीला नाही. गुरुजींना द्यायची आहेत."

"म्हातारबाबाला? बाबाच्या घराशेजारी लाकडाची वखार न्हाय व्हय, एवढं शिकलेलं मानूस पळस हुडकत फिरतंय!" असं म्हणत त्याने टांगा गावाबाहेर काढला. ऊस तोडून गुऱ्हाळाकडे नेणाऱ्या बैलगाड्यांमधून वाट काढत आम्ही बरेच हिंडलो. एका ओढ्याकाठी पळस दिसला. चढायला गेलो तर मांडी खरचटली आणि धोतर फाटलं. शेवटी हुसेनभाईने खालून काठीने वाळक्या फांद्या पाडल्या आणि मी त्या मोडून सारख्या केल्या.

"भांडान मिटतंय जनू," तो म्हणाला.

"ठाऊक नाही."

"मिटलं की सांगा. घोड्याला काळजी लागलीय."

दशमी

पहाटे अनवाणी निघालो. चपला आणि उपरणं लॉजवर ठेवलं. थंडीने तळपाय बधिर झाले होते. घरी पोचल्यावर काही न बोलता विहिरीवरून दोन घागरी आणल्या, ओटी झाडली आणि समिधा गुरुजींच्या आसनासमोर ठेवून खाली जमिनीवर बसलो. कारकून अजून यायचा होता.

गुरुजी बाहेर आले. समिधांकडे पाहिलं. माझ्या फाटक्या धोतराकडे पाहिलं.

"पाय धुतलेस का रे?"

"धुतले, गुरुजी."

"मग तोंड तिकडे कशाला? इकडे बस. समोर."

ते 'रे' ऐकताच मी सरकून समोर बसलो. आम्ही दोघांनी एकदम सुरुवात केली. सह नाववतु. सह नौ भुनक्तु. सह वीर्यं करवावहै. तेजस्वि नावधीतमस्तु. इथे मी थांबलो. नेहमीसारखा. पण या वेळी आवाज पूर्णच थांबला. गुरुजीही थांबले होते.

समोर कुणी म्हणणारा असला की आपल्या गप्प बसण्याला आडोसा असतो. तो आडोसा नव्हता. मी सगळं सांगून टाकलं. सभेत मी खोटं बोललो, चूक माझी होती, तुमचं नाव मी घालवलं, आणि मला भीती वाटली म्हणून पळालो. बोलून झाल्यावर मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"थांब," ते म्हणाले. "तू खोटं बोललास, हे तुला नक्की ठाऊक आहे?"

मला प्रश्नच समजला नाही. "म्हणजे?"

"मी त्या दिवशी गप्प का बसलो, असं तुला वाटलं?"

"मला वाचवायला."

"छे. तेवढा मोठा मी नव्हतो. तू म्हणालास 'असंच सांगितलंय', आणि मला आठवेना. आठवा अनुवाक तुला सांगितला त्या दिवशी यमूची आई तापाने फणफणली होती. माझं लक्ष आत होतं. पायरी मी सांगितली की गाळली, मला आठवेना. अजून आठवत नाही. म्हणून गप्प बसलो. आणि मग घरी येऊन तुझा राग राग केला. मी चुकलो असेन तर चारचौघांत कशाला सांगितलंस? आणि चुकलो नसेन तर का सांगितलंस? दोन्ही बाजूंनी राग. बावीस वर्षं रोज कुणातरी शिष्याबरोबर 'एकमेकांचा द्वेष न होवो' म्हणतो, आणि समोर बसलेल्याच्या जागी तुझं तोंड दिसतं."

बावीस वर्षं जे ओझं माझं म्हणून उचललं होतं त्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी हात लावून उभं होतं. मला हलकं वाटायला हवं होतं. उलट आता ओझं कुणाचं, तेच कळेना. मी आठवायचा प्रयत्न केला. त्या दिवशी यमूची आई आजारी होती? होती. संथेत कर्मदेव आले होते? मला इतकी वर्षं पक्कं ठाऊक होतं की आले होते. आता तो दिवस आठवू लागलो तर नुसतं तापातलं कण्हणं ऐकू येई.

"गुरुजी, मग हे मिटायचं कसं?"

"मंत्र कुणी केला ते मला ठाऊक नाही, पण ज्याने केला त्याला शिकवणारे आणि शिकणारे चांगले माहीत होते. भाष्यात आचार्य सांगतात, शिकताना गुरूकडून आणि शिष्याकडून बेसावधपणे जे दोष घडतात त्यांनी द्वेष येऊ नये, म्हणून ही प्रार्थना. कुणाकडून घडला, याचा निवाडा झाल्यावर म्हणा, असं कुठे आहे त्यात? चल. राहिलेला शब्द म्हण."

"तुम्हीही म्हणा."

"मी एकटा म्हणू शकत असतो तर तुझी वाट कशाला पाहिली असती?"

मा विद्विषावहै. दोघांचेही आवाज फाटले. मग तीनदा शांती.

गुरुजींनी आठव्या अनुवाकापासून संथा सुरू केली. ते एकदा म्हणत, मी दोनदा. माणसाचा आनंद झाला, गंधर्वांचे झाले, पितरांचा झाला, जन्मानेच देव झालेल्यांचा झाला. त्यानंतर गुरुजींनी सरळ देवांचा आनंद सांगितला.

कर्मदेवांची पायरी त्यांनी गाळली होती.

मी दोनदा म्हणायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. हे वय होतं, की तेव्हाही असंच झालं होतं? की मला तपासण्यासाठी त्यांनी मुद्दाम केलं? त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसेना. त्यांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी सांगितलं तसंच म्हणावं, तर पुन्हा तीच चूक. दाखवावी, तर पुन्हा तोच अपमान. चारचौघं नव्हते एवढाच फरक.

"गुरुजी," मी हळूच म्हणालो, "कर्मदेव."

त्यांनी डोळे उघडले. क्षणभर गोंधळल्यासारखे पाहत राहिले. मग म्हणाले, "सांग."

मी ती पायरी एकदा म्हटली. माझ्या मागून गुरुजींनी ती दोनदा म्हटली.

पुढे पाठ नेहमीसारखा चालला. उन्हं ओटीवर आली तेव्हा नववा अनुवाक झाला आणि आम्ही वल्लीच्या शेवटची शांती म्हटली, या वेळी मधे न थांबता. कारकून केव्हाचा येऊन खांबाशी उभा होता. "झालं का पाहुण्यांचं?" त्याने विचारलं.

"तो पाहुणा नव्हे," गुरुजी म्हणाले. "बस तूही."

एकादशी

निघण्यापूर्वी नमस्कार करायला गेलो. यमुताईने प्रवासासाठी काकवीची बाटली बांधून दिली होती. "वासूदादा, आडवी धरू नका, सगळ्या धोतरांना मुंग्या लागतील," असं तिने बजावलं. बाटली सातारच्या आधीच सांडली, हेही इथे लिहून ठेवतो.

मी गुरुजींना विचारलं, "तेव्हा मला तुम्ही बरोबर सांगितलं होतं की नाही, हे आता कधीच कळणार नाही का?"

"नाही," ते म्हणाले. "गाडीला किती वेळ आहे?"

"तासभर."

"मग बस खाली. पुढची वल्ली तू शिकला नाहीस."

"गुरुजी, तासाभरात वल्ली कशी व्हायची?"

"व्हायची नाहीच. तिच्याही आरंभी तोच मंत्र आहे. तेवढा म्हणून टाकू."

बाहेर हुसेनभाई टांग्यावरून ओरडत होता, "पावणं, गाडी चुकंल!" मी पायांत घातलेल्या चपला पुन्हा काढल्या, समोर बसलो आणि आम्ही दोघांनी सह नाववतु शेवटपर्यंत म्हटलं. गुरुजींनी पहिल्या ओळीची संथा दिली. मी ती दोनदा म्हटली. त्यांनी पोथी फडक्यात गुंडाळली, पण गाठ मारली नाही.

"शेवटची शांती राहिली," ते म्हणाले. "ये मग."